पाण्याच्या ग्लासातली पोरॉसिटी चाचणी: केस तरंगला किंवा बुडाला, तर नेमकं काय समजायचं

"मावशी, सगळेच्या सगळे केस बुडाले. हाय पोरॉसिटी आहे माझी!" भाचीचा फोन आला तेव्हा तिने चाचणी करून, निदान करून, प्रोटीन मास्क आणून तो तीन वेळा लावलाही होता. महिन्याभराने ती घरी आली तेव्हा केस केरसुणीसारखे ताठ झाले होते आणि विंचरताना बारीक बारीक तुकडे पडत होते. आम्ही चाचणी पुन्हा केली. तेव्हा कळलं की पहिल्या वेळी दोष केसांचा नव्हताच. ग्लास भांडी घासायच्या लिक्विडने धुतला होता आणि वरवर विसळला होता.

पोरॉसिटी म्हणजे केस पाणी किती सहज आत घेतो ते, आणि त्याचा अंदाज घ्यायला केस पाण्याच्या ग्लासात सोडून बघतात. मी केसांचं काम करते आणि ही चाचणी चुकीची करून आलेली माणसं मला दर आठवड्याला भेटतात. बहुतेकांची चूक तयारीत असते, बाकीच्यांची निष्कर्षात. म्हणून खालचा क्रम जसा आहे तसा पाळा. भाचीचीच दुसरी चाचणी उदाहरण म्हणून पुढे घेतली आहे.

## आधी एवढं समजून घ्या

केसाच्या बाहेरच्या थराला क्युटिकल म्हणतात. छपरावरची कौलं जशी एकावर एक चढवलेली असतात, तसे त्याचे पातळ खवले मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. खवले घट्ट मिटलेले असले की पाणी आत जायला वेळ लागतो. ते उचकटलेले, झिजलेले किंवा तुटलेले असले की पाणी पटकन शिरतं आणि तसंच पटकन निघूनही जातं. पहिल्याला लो पोरॉसिटी म्हणतात, दुसऱ्याला हाय.

पण ग्लासातली चाचणी खवल्यांच्या फटी थेट मोजत नाही. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो ते केराटिन पाण्याच्या साधारण १.३ पट जड असतं. म्हणजे नियमाने प्रत्येक केस बुडायला हवा. तरी तो तरंगतो, कारण निरोगी केसाच्या पृष्ठभागावर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर चिकटलेला असतो आणि त्यावर पाणी धरत नाही. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसंच. ब्लीच, अल्कलीयुक्त हेअर कलर आणि स्ट्रेटनिंगची रसायनं हा थर काढून टाकतात आणि खवलेही उचकटतात. मग पाणी केसाला लगेच भिजवतं आणि केस खाली जातो.

म्हणजे ग्लास सांगतो ते एवढंच: या केसाचा पृष्ठभाग पाण्याला हटवतो की धरतो. त्यावरून पोरॉसिटीचा अंदाज बांधायचा असतो. आणि पृष्ठभागावर काहीही बसलं असेल, म्हणजे तेल, सिलिकोन, कंडिशनर, हाताचा घाम, तर ग्लास त्या थराबद्दल बोलेल, केसाबद्दल बोलणार नाही.

## पायरी १: केस स्वच्छ करा

चाचणीच्या आधीच्या दिवशी साध्या, पारदर्शक शाम्पूने केस दोनदा धुवा. 'टू इन वन' किंवा 'स्मूदनिंग' लिहिलेला शाम्पू नको. त्यात बहुतेकदा सिलिकोन असतं आणि ते धुतल्यावरही केसावर राहावं म्हणूनच घातलेलं असतं. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन दिसलं तर ती बाटली या कामाला बाजूला ठेवा.

गेल्या दोन-तीन दिवसांत तेल लावलं असेल तर दोन धुण्यांनीही ते पूर्ण निघेलच असं नाही. तेव्हा चाचणी एका धुण्याने पुढे ढकला. घाई कसलीच नाही.

धुतल्यावर कंडिशनर, सीरम, लावून न धुता ठेवायचं लीव्ह-इन, काहीच लावू नका. केस गुंततील, पण एका दिवसाचा प्रश्न आहे. ड्रायर न वापरता रात्रभर वाळू द्या. केस आतून ओलसर असेल तर तो ग्लासात लवकर भिजतो आणि निकाल हायकडे झुकतो.

तपासा: वाळलेली एक बट दोन बोटांत धरून सरकवा. बोटाला बुळबुळीत किंवा मेणचट लागलं तर केस अजून स्वच्छ झालेले नाहीत. पुन्हा धुवा.

## पायरी २: योग्य केस निवडा

केस उपटायची गरज नाही. वाळल्यावर विंचरताना जे आपोआप गळतात ते घ्या. रोज पन्नास ते शंभर केस गळणं सर्वसाधारण असतं, त्यामुळे पुरेसे मिळतात. मात्र कंगव्यातला कुठलाही केस उचलू नका. केस उजेडात धरून एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो का बघा, साखरेच्या कणापेक्षाही लहान असतो. तो मुळाचा गड्डा. तो असेल तर केस मुळासकट आलेला आहे आणि कुठलं टोक डोक्याकडचं हे नक्की कळतं. ठिपका नसेल तर तो मधूनच तुटलेला तुकडा असू शकतो. तुटलेला केस आधीच कमकुवत असतो, म्हणून त्याच्यावरून सगळ्या डोक्याचा हिशोब लावता येत नाही.

असे सहा केस हवेत. कानशिलाजवळचे, टाळूवरचे आणि मानेजवळचे असे वेगवेगळ्या जागचे असले तर उत्तम. टाळूवरचे केस ऊन आणि कंगवा जास्त झेलतात, मानेजवळचे कमी.

आता या पायरीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. अख्खा केस ग्लासात टाकू नका. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे चाळीस सेंटिमीटर लांब केसाचं टोक जवळजवळ तीन वर्षांचं असतं. त्याने तीन वर्षांची धुणी, विंचरणी, ऊन आणि इस्त्री सोसलेली असते. मुळाजवळचा भाग मात्र महिन्या-दोन महिन्यांचा. या दोघांना एकाच ग्लासात सोडून 'माझी पोरॉसिटी काय' असं विचारलं तर उत्तराला अर्थ राहत नाही.

म्हणून प्रत्येक केसाचे तीन तुकडे करा, प्रत्येकी सुमारे तीन सेंटिमीटर:

* मूळ: पांढरा गड्डा आणि त्यालगतचा एक सेंटिमीटर कापून टाकायचा, त्यानंतरचे तीन सेंटिमीटर.
* मधला: केसाच्या मध्यावरून. केसांना रंग किंवा ब्लीच केलेलं असेल तर रंग जिथून सुरू होतो त्याच्या लगेच खालून.
* टोक: शेवटचे तीन सेंटिमीटर.

पांढऱ्या कागदावर तीन रकाने आखून तुकडे त्यात ठेवत जा. तुकडे चिमट्याने उचला. बोटांच्या तेलाने टोकाचा तुकडासुद्धा काही मिनिटं तरंगू शकतो. केस फार आखूड असतील तर मूळ आणि टोक असे दोनच भाग करा.

## पायरी ३: ग्लास आणि पाणी

तीन पारदर्शक काचेचे ग्लास घ्या. प्लास्टिकचे नकोत, त्यांवर तेलकट थर सहज राहतो. साबणाने धुतलेले असतील तर वाहत्या पाण्याखाली सहा-सात वेळा विसळा. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, म्हणजे पाण्याची वरची 'साय' सैल पडते. त्याचा पातळ अंश उरला तरी अगदी निरोगी केसही झरकन खाली जातो. भाचीचं हेच झालं होतं.

पाणी खोलीच्या तापमानाचं असावं. फ्रिजमधलं नको, गीझरचंही नको. नळाचं पाणी चालतं, पण तिन्ही ग्लासांत एकाच भांड्यातून ओता. ओतल्यावर दहा मिनिटं स्थिर राहू द्या, म्हणजे बुडबुडे निघून जातील. बारीक बुडबुडा केसाला चिकटला तर तो केसाला उचलून धरतो.

तपासा, दोन रीतींनी. पहिली: ग्लासात थोडं पाणी घेऊन वर तळवा ठेवून जोरात हलवा. फेस काही सेकंद टिकला तर साबण उरला आहे. हे पाणी फेका, ग्लास पुन्हा विसळा. दुसरी माझी आवडती: एक वेगळा केस घ्या, त्याला तेलाचं बोट पुसा आणि तो चाचणीच्याच पाण्यावर ठेवा. तेलकट केस तरंगलाच पाहिजे. तोही बुडाला तर पाणी किंवा ग्लास खराब आहे, तुमच्या केसांवर बोल लावू नका. ही तपासणी तेच पाणी तसाच विसळलेल्या वेगळ्या ग्लासात ओतून करा, कारण तेलाचा तवंग चाचणीच्या ग्लासांत नको.

भाचीचा पहिला ग्लास आम्ही तसाच घेतला आणि त्यात तेल लावलेला केस ठेवला. क्षणात बुडाला. तिचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण मास्कचे पैसे तर गेलेच होते.

## पायरी ४: तुकडे ठेवा आणि वेळ बघा

एकेक तुकडा चिमट्याने मध्यावर धरा आणि पाण्याला समांतर, हलकेच टेकवून सोडा. वरून टाकू नका. आदळला की एक टोक पाण्यात घुसतं आणि तुकडा तिरका होऊन ओढला जातो. एका ग्लासात सहा तुकडे, एकमेकांना न चिकटता. चिकटले तर चिमट्याने अलगद दूर करा.

मग वाकून, पाण्याच्या पातळीला डोळा आणून बघा. तरंगणारा केस पाण्याच्या वरच्या सायीवर आडवा पडलेला दिसतो, गादीवर काठी ठेवावी तसा. हीच पृष्ठताणाची खूण. काही तुकड्यांचं एक टोक हळूहळू ओलं होऊन आत झुकतं. ते टोक दिसायला लागलं की वेळ लिहा.

घड्याळात २, ५ आणि १० मिनिटांना नोंद करा: किती वर, किती मध्यात लोंबकळत, किती तळाशी. दहा मिनिटांनी थांबा.

सावधान: ग्लास रात्रभर ठेवून सकाळी 'सगळे बुडाले' म्हणून निकाल लावणं ही फार वेळा होणारी चूक आहे. जड वस्तू आज ना उद्या भिजून खाली जाणारच.

सावधान: तरंगणाऱ्या केसाला बोटाने आत ढकलू नका. केराटिन जड आहे, एकदा पृष्ठभागाखाली गेला की निरोगी केसही तळाला जातो. त्याला हाय पोरॉसिटी म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात दाबून 'याला पोहता येत नाही' म्हणण्यासारखं आहे.

आणि एक ऐकीव गोष्ट इथेच मोडून टाकते: 'माझे केस जाड, म्हणून जड, म्हणून बुडतात.' पाण्याचा पृष्ठताण आडव्या केसाच्या वजनाच्या हजार पटींहून जास्त भार पेलू शकतो. जाड-बारीक हा हिशोब इथे नगण्य आहे. केस बुडतो तो भिजतो म्हणून.

## पायरी ५: निकाल वाचा

इथे बहुतेक लेख 'तरंगला तर लो, मध्यात राहिला तर मध्यम, बुडाला तर हाय' एवढं सांगून मोकळे होतात. हे ठोकळमानाने ठीक आहे, पण दोन्ही बाजूंचा पुरावा सारखा भक्कम नसतो. पृष्ठताण इतका समर्थ असल्यामुळे अलगद ठेवलेला खराब केससुद्धा बराच वेळ तरंगू शकतो. म्हणून नुसत्या तरंगण्यावर 'लो' असा शिक्का मारू नका. उलट ग्लास आणि पाणी स्वच्छ असल्याची खात्री असताना दोन मिनिटांच्या आत बुडालेला केस पृष्ठभाग झिजल्याचं बऱ्यापैकी सांगतो.

म्हणून मी एका ग्लासाकडे सुटं बघत नाही, तिन्ही ग्लासांतला फरक बघते. भाचीच्या दुसऱ्या चाचणीत असं झालं:

* मूळ: सहाच्या सहा दहा मिनिटांनीही वर.
* मधला: चार वर, दोन चौथ्या मिनिटापर्यंत खाली.
* टोक: पाच दोन मिनिटांत तळाला, सहावा सातव्या मिनिटाला.

तिचे केस बेचाळीस सेंटिमीटर लांब होते आणि पंधरा महिन्यांपूर्वी तिने ब्लीच करून हायलाइट केले होते. महिन्याला साधारण १.२ सेंटिमीटर धरले तर पंधरा महिन्यांत अठरा सेंटिमीटर नवा केस आला. म्हणजे वरचे अठरा सेंटिमीटर जन्मजात, खालचे चोवीस ब्लीचमधून गेलेले. ग्लासांनी हेच सांगितलं. तिचे केस लोही होते आणि हायही, फक्त वेगवेगळ्या उंचीवर. प्रोटीन मास्क ती मुळापासून टोकापर्यंत लावत होती. ज्या अठरा सेंटिमीटरना तो नको होता तिथेही तो साठत गेला.

तिन्ही ग्लासांत साधारण सारखंच चित्र दिसलं तर तुमच्या केसांवर एकसारखी निगा चालेल. रसायन न लावलेल्या, आखूड केसांत असं बऱ्याचदा दिसतं.

## पायरी ६: केसावरच एक थेंब टाकून खात्री करा

ग्लासाच्या निकालावर खरेदी करू नका, आधी ही दोन मिनिटांची खात्री करा. स्वच्छ, कोरड्या केसांची बोटभर रुंद बट घ्या, आडवी ताणून धरा आणि ड्रॉपरने किंवा चमच्याच्या टोकाने एक थेंब मुळाकडच्या भागावर, एक टोकाकडे सोडा.

थेंब मोत्यासारखा बसून राहिला, बट हलवल्यावर घरंगळून गेला, तर तो भाग पाणी हटवतो आहे. काही सेकंदांत थेंब पसरून केस गडद दिसू लागले तर तो भाग पाणी पितो. भाचीच्या वरच्या भागावर थेंब बसून राहिला. टोकाकडे मी चमचा बाजूला घेईपर्यंत जिरला होता.

केस किती वेळात वाळतात यावरूनही लोक पोरॉसिटी ठरवतात. मी त्यावर विसंबत नाही. वाळण्याचा वेळ हवेतल्या दमटपणावर आणि डोक्यावर केस किती दाट आहेत यावर एवढा अवलंबून असतो की पोरॉसिटीचा वाटा वेगळा काढणं अवघड जातं. भिजायला लागणारा वेळ जास्त खरं बोलतो. शॉवरखाली उभं राहिल्यावर आतपर्यंत केस ओले व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात का, एवढं लक्षात ठेवा.

ग्लास आणि थेंब यांची उत्तरं जुळली नाहीत, तर थेंबावर विश्वास ठेवा. तिथे केस जसा डोक्यावर आहे तसाच तपासला जातो.

सावधान: ही चाचणी केसाच्या दांड्याची आहे. केस गळणं, टाळूला खाज, कोंडा यांच्याशी तिचा संबंध नाही. केस अचानक जास्त गळत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, शाम्पू बदलून वाट बघत बसू नका.

## पायरी ७: लो पोरॉसिटीच्या भागासाठी बदल

लो पोरॉसिटी म्हणजे आजार नाही, उलट खवले शाबूत असल्याची खूण आहे. तक्रार एवढीच असते की लावलेलं सगळं वर बसून राहतं. केस चिकट, लोंबलेले दिसतात आणि आतून कोरडेच वाटतात.

कंडिशनर लावताना केस खरोखर ओले असू द्या. टॉवेलने पुसून अर्धवट वाळलेल्या केसांवर लावला तर तो पृष्ठभागावरच थापला जातो. मी आधी कोमट पाण्याने पूर्ण भिजवते, मग थोडा कंडिशनर तळव्यात पाण्याने पातळ करून लावते. त्यावर शॉवर कॅप घालून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. डोक्याच्या ऊबेने केस किंचित फुगतो आणि कंडिशनर सरकायला जागा मिळते. कढत पाण्याची गरज नाही, त्याने टाळू भाजते आणि केस काही वेगाने उघडत नाहीत.

घट्ट बटर, जाड क्रीम, जड तेल टाळा. प्रोटीनची उत्पादनं आधी बंद करा. लेबलवर 'हायड्रोलाइज्ड' शब्दाने सुरू होणारं केराटिन, गहू, सोया किंवा सिल्क असं नाव यादीच्या पहिल्या पाच-सहांत आलं तर ते प्रोटीनचं उत्पादन समजा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा क्लॅरिफायिंग शाम्पू वापरून साठलेलं सगळं काढा. नळाचं पाणी जड असेल तर ईडीटीए असलेला शाम्पू घ्या, तो कॅल्शियमसारखे क्षार पकडून नेतो.

तपासा: क्लॅरिफायिंग शाम्पूनंतर केस एकदम हलके, मऊ वाटले तर आजवर 'कोरडेपणा' वाटत होता तो खरा साठलेला थर होता. यानंतर थेंबाची चाचणी पुन्हा करा. काही जणांचा 'लो' इथेच मध्यमावर येतो.

## पायरी ८: हाय पोरॉसिटीच्या भागासाठी बदल

खराब झालेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढलेला असतो. कंडिशनरमधले धनभारित घटक, उदाहरणार्थ सेट्रिमोनियम क्लोराइड किंवा बेहेनट्रिमोनियम क्लोराइड, नेमके तिथेच जास्त चिकटतात. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर, अगदी नुसत्या पाण्याने केस भिजवले तरीही, या भागाला कंडिशनर लावा. टोकाला जास्त, वर जाताना कमी. ओल्या केसांवरच थोडं लीव्ह-इन आणि त्यावर सिलिकोनचं सीरम लावलं तर गुंता आणि विंचरताना तुटणं कमी होतं. सिलिकोनला घाबरणारे बरेच भेटतात. उचकटलेल्या खवल्यांवर ते काम चोख करतं, फक्त अधूनमधून शाम्पूने काढायला हवं.

दुसरा बदल धुण्याआधीचा. पाण्यात केस फुगतो आणि वाळताना आकसतो. सारखं फुगणं-आकसणं झिजलेल्या केसाला आणखी झिजवतं. धुण्याआधी तासभर खालच्या भागाला खोबरेल तेल लावलं तर आत जाणारं पाणी कमी होतं. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनाची झीज कमी करतं. सूर्यफुलाचं तेल किंवा मिनरल ऑइल बहुतांशी वरच राहतं.

प्रोटीन इथे उपयोगी पडतं, पण औषधासारखं: तीन-चार आठवड्यांतून एकदा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतं, फक्त खालच्या भागाला. प्रोटीन हवं का हे बघायला एक ओला केस दोन्ही हातांत धरून हळू ताणा. ओला निरोगी केस जवळजवळ एक तृतीयांश लांबतो आणि सोडल्यावर परत येतो. लांबून तसाच ढिला लोंबकळत राहिला तर प्रोटीनचा उपयोग होईल. जेमतेम ताणला आणि तटकन तुटला तर प्रोटीन थांबवा, नुसता कंडिशनर द्या.

इस्त्री आणि कर्लर शक्य तितके बंद. आणि जे सांगायला कोणालाच आवडत नाही ते: गेलेले खवले कुठलंही उत्पादन परत आणत नाही. कंडिशनर वरून डागडुजी करतो. टोकं फाटलेली असतील तर कात्री हाच उपाय.

## पायरी ९: एका वेळी एकच बदल

भाचीसाठी ठरवलेलं वेळापत्रक असं. पहिल्याच धुण्याला क्लॅरिफायिंग शाम्पू, साठलेलं प्रोटीन शक्य तितकं निघावं म्हणून. मग चार धुणी प्रोटीन पूर्ण बंद. शाम्पू फक्त टाळूला, फेस खाली ओघळतो तेवढा लांबीला पुरे. कंडिशनर खालच्या चोवीस सेंटिमीटरना, वरच्या भागाला नाही. रबरबँड बांधून तिने सीमारेषाच आखून घेतली होती, आरशात बघून हसत होती, पण त्यामुळे हात चुकला नाही. धुण्याआधी तेल फक्त टोकांना.

चार धुण्यांनंतर ताठपणा बराच कमी झाला. टोकं तुटणं पूर्ण थांबलं नाही, म्हणून तिने शेवटचे पाच सेंटिमीटर कापले. मग आम्ही लीव्ह-इन सुरू केलं, त्याच्या आधी नाही. सगळं एकदम बदललं असतं तर कशाने फरक पडला हे कळलं नसतं.

एका बदलाला निदान तीन-चार धुणी द्या. चाचणी पुन्हा करायची तर सहा महिन्यांनी, किंवा केसांना रंग, ब्लीच, स्ट्रेटनिंग केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. लगेच केली तर पार्लरमध्ये शेवटी लावलेला कंडिशनिंगचा थर अजून बसलेला असतो आणि नुकतंच ब्लीच केलेला केसही दिमाखात तरंगतो.